निळ्या पट्टीतल्या तीन ओळी

परदेशातल्या विद्यापीठाचा अर्ज, विमानाचं तिकीट, एखाद्या संग्रहालयाची आगाऊ नोंदणी, सगळी माहिती भरून होते आणि अगदी शेवटी एक छोटा चौकोन उगवतो: I'm not a robot. त्यावर क्लिक केलं की कधी हिरवी खूण येते आणि सुटका होते. कधी मात्र फोटोंचा एक पट उघडतो. वर निळी पट्टी असते आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं असतं:

```
Select all images with
fire hydrants
Click verify once there are none left.
```

इथे पुष्कळजण अडतात. इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे. इंग्रजी वर्तमानपत्र रोज वाचणारा माणूसही या नऊ फोटोंपुढे थबकतो, कारण ज्या वस्तूचं नाव विचारलं आहे ती त्याच्या गल्लीत कधी नसतेच. शिवाय प्रश्न एकच वाटत असला, तरी पट्टीत तीन वेगवेगळ्या सूचना असतात. काय निवडायचं हे मधली ओळ सांगते. कशातून निवडायचं हे पहिली सांगते, आणि कुठे थांबायचं हे तिसरी. मधली ओळ ठळक असते म्हणून नजर तिथेच खिळते आणि उरलेल्या दोन ओळी वाचायच्या राहून जातात. ‘सगळं बरोबर केलं तरी पुढे जाऊ देत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा याच दोन ओळींत असतं.

या चाचणीचं नाव रिकॅप्चा. ती 2007 साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातून निघाली आणि 2009 साली गूगलने विकत घेतली. सुरुवातीला तिच्यात वेडेवाकडे छापलेले दोन शब्द असत. त्यांतला एक यंत्राला आधीच ठाऊक असे. दुसरा जुन्या पुस्तकातून किंवा वर्तमानपत्रातून स्कॅन केलेला, यंत्राला न वाचता आलेला असे. पहिला शब्द बरोबर लिहिला की समोर माणूस आहे असं धरलं जाई आणि दुसऱ्या शब्दाचं त्याचं वाचन जमा होई. न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक असेच थोडेथोडे वाचून घेतले गेले. 2012 च्या सुमारास शब्दांसोबत रस्त्यावरच्या फोटोंमधले घरांचे क्रमांक येऊ लागले, आणि 2014 च्या अखेरीस आजचा ‘मी यंत्रमानव नाही’ हा चौकोन आणि फोटोंचा पट आला. फोटोंत रस्तेच रस्ते का दिसतात, याचा धागा या इतिहासात आहे. ते रस्ते बहुतांशी अमेरिकेतले असतात आणि चालत्या गाडीतून टिपल्यासारखे दिसतात. म्हणून वस्तू कडेला, लहान आणि अर्धवट सापडते.

मधली ओळ: वस्तू

फायर हायड्रंटपासूनच सुरुवात करू, कारण सर्वात जास्त गोंधळ त्याचाच होतो. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींच्या आवारात लाल रंगाचा उभा पाइप असतो, त्याला फिरवायचं चाक असतं आणि शेजारच्या लाल पेटीत गुंडाळलेला होज असतो. त्यालाही हायड्रंटच म्हणतात. रिकॅप्चाच्या फोटोंत मात्र तो शोधून सापडणार नाही. तिथला हायड्रंट फुटपाथच्या कडेला रोवलेला बुटका लोखंडी खांब असतो. गुडघ्याच्या वर आणि कमरेच्या खाली येईल एवढी त्याची उंची असते. डोक्यावर घुमटासारखं टोपण आणि त्यावर पाना लावून फिरवायचा जाडजूड नट. अंगाला दोन बाजूंना दोन लहान तोंडं आणि बहुतेक वेळा समोर एक मोठं तोंड, तिन्हींवर झाकणं. झाकण हरवू नये म्हणून कित्येकदा ते साखळीने बांधलेलं असतं. पायाशी बोल्टांची गोल कडी असते.

ही वस्तू तिथे का आहे ते समजलं, की फोटोत ती कुठे शोधायची तेही समजतं. आगीच्या बंबात पाणी थोडंच मावतं आणि जोरात फवारा सुरू केला तर ते काही मिनिटांत संपतं. म्हणून रस्त्याखालून जाणाऱ्या पाण्याच्या मुख्य वाहिनीला ठरावीक अंतरावर हे खांब जोडलेले असतात. बंब येऊन थांबतो, जवान झाकण काढून होज जोडतात आणि वरचा नट फिरवून पाणी सोडतात. थंड प्रदेशांत खांबात पाणी साठून गोठू नये म्हणून झडप जमिनीत खोलवर बसवलेली असते आणि वापर झाला की खांब आपोआप रिकामा होतो. बंबाला जागा मिळावी म्हणून हायड्रंटसमोर गाडी लावायला मनाई असते. न्यूयॉर्कमध्ये दोन्ही बाजूंना 15 फूट जागा मोकळी सोडावी लागते. तेव्हा फोटोत रस्त्याच्या कडेने गाड्यांची रांग असेल आणि मध्येच जागा रिकामी असेल, तर तिथे नीट पाहावं.

रंगावर मात्र विसंबू नये. हायड्रंट म्हणजे लाल, असं धरून चाललं की पिवळे, चंदेरी, हिरवे, पांढरे सगळे सुटतात. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी झाकणाचा रंग पाण्याच्या प्रवाहाप्रमाणे ठरतो. फिकट निळा म्हणजे सर्वात जोरदार, मग हिरवा, मग केशरी, आणि लाल म्हणजे सर्वात कमी. अंगाचा रंग प्रत्येक गावाचा वेगळा. उलट, लाल दिसणाऱ्या पुष्कळ गोष्टी हायड्रंट नसतात. गाड्या अडवायला रोवलेले सरळसोट खांब असतात, पण त्यांना तोंडं नसतात. इमारतीच्या भिंतीतून बाहेर आलेली दोन तोंडांची पितळी जोडणीही दिसते. ती अग्निशमनाचीच असली तरी हायड्रंट नव्हे, कारण तिच्यातून पाणी इमारतीच्या आत सोडायचं असतं. टोपण आणि बाजूची तोंडं, या दोन्ही खुणा दिसल्या की निवडावं. फोटो कितीही पुसट असला तरी एवढी आकृती कळते.

दुसरी अडचणीची वस्तू म्हणजे crosswalk. पादचाऱ्यांनी रस्ता ओलांडायची ही जागा आपल्याला झेब्रा क्रॉसिंग म्हणून माहीत आहे, आणि म्हणूनच घोटाळा होतो. आपण पट्टे शोधत बसतो. अमेरिकेत पट्ट्यांचे क्रॉसवॉक आहेतच, पण रस्त्यावर आडव्या मारलेल्या नुसत्या दोन समांतर पांढऱ्या रेघा, मध्ये मोकळा डांबरी रस्ता, हाही तिथला अधिकृत क्रॉसवॉकच. दोन रेघा आणि त्यांच्यात पट्टे, असा शिडीसारखाही प्रकार असतो. कॅलिफोर्नियात शाळेजवळ हीच आखणी पिवळ्या रंगात दिसते. म्हणून पट्टे आहेत का, हे विचारण्यापेक्षा आखणी कुठून कुठे जाते ते पाहावं. एका फुटपाथपासून समोरच्या फुटपाथपर्यंत, गाड्यांची वाट आडवी कापत गेलेली आखणी म्हणजे क्रॉसवॉक. त्याच्या अलीकडे एकच जाड आडवी रेघ असते, ती गाड्यांनी थांबायची. तिला घेऊ नये. गाड्या लावायच्या जागी तिरक्या रेघा मारलेल्या असतात, त्या कुठल्याच फुटपाथकडे जात नाहीत. त्याही सोडाव्यात.

उरलेल्या वस्तू एवढा त्रास देत नाहीत, पण दोन-तीन ठिकाणी पाय घसरतो. पार्किंग मीटर ही गाडी लावण्याचे पैसे घेणारी पेटी. पहिला मीटर 1935 साली ओक्लाहोमा सिटीत बसला. छातीएवढ्या उंच दांड्यावर गोलसर डोकं आणि त्यात छोटी काच, असं त्याचं रूप. एका दांड्यावर कधी दोन डोकी असतात. फुटपाथच्या कडेने सारख्या अंतरावर असे दांडे ओळीने दिसले की शंका उरत नाही. buses म्हटलं की पिवळी, बोजड नाकाची शाळेची बसही त्यात आली. chimneys विचारलं तर कारखान्याचं धुराडं शोधू नये. उतरत्या छपरावर उभा असलेला विटांचा चौकोनी खांब शोधावा. घरातल्या शेकोटीचा धूर त्यातून बाहेर जातो.

पहिली ओळ: फोटो की तुकडे

पहिल्या ओळीत images आहे की squares, यावर निवडण्याची सगळी रीत अवलंबून असते. images असेल तर समोर तीन ओळींत नऊ वेगवेगळे फोटो असतात. प्रत्येक फोटोचा निकाल स्वतंत्र. वस्तू त्यात कुठेही, कितीही लहान दिसली तरी तो फोटो निवडायचा.

squares असेल तर फोटो एकच असतो आणि त्याचे चार ओळींत सोळा तुकडे केलेले असतात. इथे फोटोत वस्तू आहे का, हा प्रश्न नसतोच. ती कोणकोणत्या तुकड्यांवर पसरली आहे, हे विचारलेलं असतं. सिग्नलचा फोटो घेऊन पाहू. तुकड्यांना डावीकडून उजवीकडे, वरून खाली 1 ते 16 क्रमांक देऊ. अमेरिकेत सिग्नल पुष्कळदा चौकाच्या पलीकडच्या बाजूला, रस्त्यावर आडव्या आलेल्या लांब दांडीला किंवा तारेला टांगलेला असतो. त्याची पेटी काळी किंवा पिवळी असते. समजा, डाव्या कडेला 5, 9 आणि 13 मधून उभा खांब वर गेला आहे. त्याच्या माथ्यापासून 1, 2, 3 आणि 4 मधून आडवी दांडी निघाली आहे. एक सिग्नल 2 मध्ये सुरू होऊन 6 मध्ये संपतो. दुसरा 4 मध्ये सुरू होऊन 8 मध्ये संपतो, पण त्याची डावी कड 3 आणि 7 मध्ये केसभर शिरली आहे.

आता निवडायचं काय? मधल्या ओळीत traffic lights आहे. म्हणजे दिव्यांची पेटी हवी. 2, 6, 4 आणि 8 नक्की. खांबाचे 5, 9 आणि 13 सोडायचे, नुसती दांडी असलेला 1 सोडायचा. खांब हा सिग्नलचा भाग नाही का, यावर वाद घालता येईल, पण खांब धरायला गेलं तर निम्मा फोटो निवडावा लागतो आणि चाचणी सहसा नापास होते. 3 आणि 7 मधली केसभर कड सोडली तरी चालतं. पेटीचा डोळ्यांत भरण्याजोगा भाग असेल तर मात्र तो तुकडा घ्यावा. अशा बारीकसारीक बाबतीत थोडी सूट असते. 2016 साली काही संशोधकांनी रिकॅप्चाची तपासणी केली, तेव्हा एखादी निवड चुकली तरी नऊ फोटोंची चाचणी उत्तर मान्य करते असं त्यांना आढळलं होतं. पेटीची पाठ आपल्याकडे असेल आणि दिवे दिसत नसतील, तरी तो सिग्नलच. तो घ्यावा.

तुकड्यांच्या चाचणीत काही राहून गेलं तर पटाखाली लाल अक्षरांत ओळ उमटते: Please select around the object, or reload if there are none. वस्तूच्या आजूबाजूचे तुकडे पुरेसे घेतलेले नाहीत, असा तिचा अर्थ. ही ओळ आली तर निवडलेलं पुसू नये. कडेच्या ज्या तुकड्यांबद्दल मन साशंक होतं, त्यांच्याकडे पुन्हा पाहावं.

तिसरी ओळ: थांबायचं कुठे

Click verify once there are none left, म्हणजे एकही उरला नाही की मगच Verify दाबा. ही ओळ असेल तर फोटो निवडताच तो विरून जातो आणि त्याच जागी नवा येतो. नव्या फोटोत पुन्हा हायड्रंट असू शकतो. तोही निवडायचा, आणि नऊपैकी एकातही हायड्रंट दिसेनासा झाला की मग बटण दाबायचं. नवा फोटो हळूहळू उमटतो, त्यामुळे घाई करणारा माणूस तीन हायड्रंट टिपून लगेच Verify दाबतो. खाली लाल अक्षरांत येतं: Please also check the new images. निवडलेले तिन्ही बरोबर होते, पण त्यांच्या जागी आलेले बघायचे राहिले.

ही तिसरी ओळ नसेल, तर फोटो बदलत नाहीत. निवडलेल्यावर खूण उमटते, सगळे निवडून एकदाच बटण दाबायचं. सोळा तुकड्यांच्या पटावर तिसरी ओळ कधी अशी असते: If there are none, click skip. तिथे बटणावरच Skip लिहिलेलं असतं आणि एखादा तुकडा निवडला की ते शब्द बदलतात. फोटोत विचारलेली वस्तू खरोखरच नसेल तर Skip हेच बरोबर उत्तर. काहीतरी निवडलंच पाहिजे म्हणून लांबचा दिव्याचा खांब सिग्नल समजून टिपू नये.

बरोबर असूनही पुन्हा

एवढं सांभाळूनही दुसरा पट येतो, मग तिसरा. इथे एक फरक ओळखता यायला हवा. खाली Please try again किंवा Please select all matching images अशी लाल ओळ आली, तर उत्तर चुकलं. लाल ओळ न येता नुसताच नवा पट आला, तर उत्तर बहुधा बरोबर होतं, पण चाचणीची खात्री पटलेली नाही. रिकॅप्चा फोटोंवरून तेवढं जोखत नाही. कोणत्या नेटवर्कवरून आलात, ब्राउझरमध्ये आधीच्या वापराच्या खुणा म्हणजे कुकी आहेत का, हेही ती पाहते. झ्यूरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी 2024 मध्ये दाखवून दिलं की, फोटो ओळखणारा त्यांचा संगणकी प्रोग्राम हे पट माणसाइतकेच सोडवतो, आणि किती पट सोडवावे लागतात हे ब्राउझरचा इतिहास आणि कुकी यांच्यावर बरंच अवलंबून असतं. म्हणून इन्कॉग्निटो खिडकीतून, व्हीपीएन लावून किंवा सायबर कॅफेतून गेलेल्याला जास्त पट सोडवावे लागतात. त्याची नजर काही कमजोर झालेली नसते. नेहमीच्या ब्राउझरमधून, व्हीपीएन बंद करून पाहिलं तर बरेचदा पहिल्याच क्लिकला हिरवी खूण येते.

ही हिरवी खूण टिकते साधारण दोन मिनिटं. आधी चौकोनावर खूण करून मग पासपोर्टचा क्रमांक शोधायला गेलं, तर परत येईपर्यंत तिथे Verification expired असं लिहिलेलं असतं. अर्ज पूर्ण भरावा, वाचून घ्यावा आणि हा चौकोन अगदी शेवटी क्लिक करावा.

पटाच्या खाली डाव्या कोपऱ्यात तीन लहान चिन्हं असतात. गोल बाणाने पट बदलून मिळतो. फोटो फारच धूसर असेल तर अंदाज बांधण्यापेक्षा तो दाबणं बरं. हेडफोनच्या चिन्हाने फोटोंऐवजी आवाज ऐकू येतो आणि ऐकलेलं टाइप करायचं असतं. दृष्टी अधू असलेल्यांसाठी ती सोय आहे. पट्टीतली भाषा सहसा ब्राउझरच्या भाषेप्रमाणे येते आणि रिकॅप्चाला येणाऱ्या भाषांत मराठीही आहे. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये मराठी पहिली ठेवली, तर सूचना मराठीत दिसू शकतात. फोटो मात्र तेच राहतात. अमेरिकेतला हायड्रंट सूचना मराठी झाल्याने आपल्या सोसायटीतल्या लाल पाइपसारखा दिसू लागत नाही.

शेवटी एक सावधगिरी. हा चौकोन सगळ्यांच्या ओळखीचा झाल्यामुळे गेल्या काही वर्षांत भामट्यांनी त्याची नक्कल सुरू केली आहे. तसाच चौकोन, तशीच खूण, पण त्यावर क्लिक केल्यावर फोटोंच्या जागी सूचना येतात: विंडोजचं बटण आणि R एकत्र दाबा, मग Ctrl आणि V, मग Enter. आपल्या नकळत कॉपी करून ठेवलेली एक आज्ञा अशाने आपल्याच हातून संगणकावर चालवली जाते आणि पासवर्ड चोरणारा प्रोग्राम आत येतो. काही नकली चौकोन सूचना पाठवायची परवानगी म्हणून Allow दाबायला लावतात, काही मोबाइलवर आलेला ओटीपी मागतात. खरी फोटोंची चाचणी त्या पटाबाहेर काहीही करायला सांगत नाही. हायड्रंट टिपा, सिग्नल टिपा, बटण दाबा, एवढंच तिचं मागणं असतं. त्यापलीकडे काही मागितलं, तर काही न दाबता ते पान बंद करावं.